प्रवासात ऐनवेळी फोनचं फिंगरप्रिंट आणि फेस अनलॉक झटक्यात कसं बंद करायचं?

जुई_ठाणे

मंडळी, एक नेमका प्रश्न आहे. रात्रीची स्लीपर, हायवेवरचा ढाबा, अनोळखी गावातली गर्दी, अशा ठिकाणी वातावरण तापायला लागलं की मला पहिली धास्ती फोनची वाटते. पिन सांगायचा की नाही हे निदान माझ्या हातात असतं. पण कुणी मनगट धरून अंगठा स्क्रीनवर टेकवला किंवा फोन सरळ तोंडासमोर धरला, तर मी काही बोलायच्या आत तो उघडलेला असेल. सेटिंगमध्ये शिरून ठसे डिलीट करत बसायला तेव्हा वेळ कुठला?

दोन-तीन सेकंदांत, जमल्यास खिशातल्या खिशात, ठसा आणि चेहरा बंद होऊन फक्त पिन चालेल असं काही आहे का? माझा सॅमसंग आहे, बाबांचा आयफोन. पुढच्या महिन्यात आई-बाबा भावाकडे न्यू जर्सीला जाताहेत, तेव्हा तिथल्या विमानतळावरच्या तपासणीबद्दलही कुणी सांगितलं तर बरं होईल.

सिंगल_चहा

सोप्पंय की. चुकीचं बोट पाच वेळा टेकव, फोन रुसतो आणि पिन मागतो. माझी करंगळी याच कामासाठी राखीव आहे 😄

ओंकार_मोबाइलवाला

चहावाले, आयफोनवर हे खरं आहे. तिथे पाच वेळा ठसा किंवा चेहरा चुकला की पासकोडशिवाय पुढे जाता येत नाही. अँड्रॉइडवर मात्र पाच चुकांनंतर ठसा अर्धा मिनिट बंद राहतो आणि मग पुन्हा चालू होतो. समोरच्याने अर्धा मिनिट कळ काढली की झालं. शिवाय चार लोकांसमोर करंगळी घासत बसलात तर काय चाललंय ते आंधळ्यालाही कळेल.

जुई, तुझ्या सॅमसंगवर यासाठी वेगळी सोय आहे. तिचं नाव `Lockdown`. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ती अँड्रॉइडमध्ये आहे, पण सॅमसंगवर ती आधी स्वतः चालू करून ठेवावी लागते. सेटिंगमध्ये `Lock screen`, त्यात `Secure lock settings`, तिथे पिन विचारेल, मग `Show Lockdown option` चालू कर. सापडलं नाही तर सेटिंगच्या शोधपट्टीत नुसतं lockdown टाक.

हे झालं की बंद-चालू करायच्या मेनूमध्ये पॉवर ऑफ आणि रीस्टार्टच्या जोडीला लॉकडाउन दिसायला लागतं. त्यावर टेकवलं की स्क्रीन तत्काळ लॉक होते, ठसा आणि चेहरा बंद, लॉक स्क्रीनवरचे नोटिफिकेशन गायब, आणि घरी असताना किंवा ब्लूटूथ घड्याळ जवळ असताना फोन उघडा राहण्याची सोय ठेवली असेल तर तीही बंद. पिन टाकेपर्यंत हे असंच राहतं.

लोक अडकतात ते मेनू उघडण्यात. सॅमसंगवर साइड बटण नुसतं दाबून धरलं की बऱ्याचदा असिस्टंट बोलायला लागतो. मेनूसाठी साइड बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरायचं. लगेच सोडलं तर स्क्रीनशॉट निघतो, म्हणजे पुरेसं धरलं नाही असं समज. पिक्सेलवर पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण. आणि एक लक्षात ठेव, अँड्रॉइडवर शेवटी स्क्रीनवर बोट टेकवावंच लागतं. पूर्ण खिशातल्या खिशात होत नाही.

नाना_डोंबिवली

ओंकार म्हणतोय ते आयफोनमध्येही आहे. मी गेल्या आठवड्यात प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये जाऊन लॉकडाउन मोड चालू केला. फोन बंद होऊन चालू झाला. तेव्हापासून निम्म्या वेबसाइट धड दिसत नाहीत, अक्षरं कशीतरीच येतात. पण सुरक्षा हवी तर एवढं सोसायला हवं.

ओंकार_मोबाइलवाला

नाना, तो मोड आजच बंद करून टाका. नाव सारखं असलं तरी ही वेगळीच वस्तू आहे. आयफोनचा `Lockdown Mode` २०२२ मध्ये आला, तो पेगाससच्या जातीच्या हेरगिरीपासून वाचायला. पत्रकार, कार्यकर्ते, राजकारणी अशा मोजक्या लोकांसाठी. मेसेजमधल्या जोडण्या, वेबसाइटचे फॉन्ट वगैरे तो अडवतो. फेस आयडीला तो हातही लावत नाही. म्हणजे तुमच्या वेबसाइट बिघडल्या आणि फोन तोंडासमोर धरला की उघडतोय तो उघडतोयच.

नाना_डोंबिवली

आत्ता करून पाहिलं. उघडला. मग आयफोनवाल्यांनी करायचं काय?

ओंकार_मोबाइलवाला

फोन मुठीत धरा. एका बाजूचं साइड बटण आणि दुसऱ्या बाजूचं आवाजाचं कुठलंही एक बटण, दोन्ही एकत्र चिमटीत दाबा. मनात "एक, दोन" म्हणा. फोन हलकासा थरथरेल आणि पॉवर ऑफची सरकपट्टी दिसेल. ती पट्टी दिसली त्या क्षणी फेस आयडी बंद झालेला असतो, फोन खरंच बंद करायची गरज नाही. खाली रद्द करा किंवा साइड बटण एकदा दाबून स्क्रीन काळी करा. आता फोन तोंडासमोर धरलात तर फेस आयडीसाठी पासकोड हवा असं सांगून आकड्यांची पाटी पुढे येईल. होम बटणाच्या अलीकडच्या आयफोन एसईवरही हीच चिमट, तिथे टच आयडी म्हणजे ठसा बंद होतो.

थरथर जाणवली की बोटं सोडायची. तसंच दाबून धरलंत तर पुढे इमर्जन्सी कॉलचं काउंटडाउन सुरू होतं, मोठ्याने भोंगा वाजतो, आणि काउंटडाउन संपल्यावर सोडलंत की कॉल लागतो. हे नको असेल तर `Settings` मधल्या `Emergency SOS` मध्ये दाबून धरल्यावर कॉल लागण्याचा पर्याय बंद करता येतो. पण एकट्याने फिरणाऱ्या बाईमाणसाने तो बंद करण्याआधी दोनदा विचार करावा, कारण खऱ्या अडचणीत तोच कामाला येतो.

आता आपल्याकडची मेख. परदेशी व्हिडिओंत सांगतात की साइड बटण पटापट पाच वेळा दाबा. भारतात घेतलेल्या आयफोनवर तीनदाच दाबलं की इमर्जन्सी कॉलची तयारी सुरू होते. दूरसंचार खात्याच्या २०१६ च्या पॅनिक बटण नियमांमुळे इथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनना पॉवर बटण तीनदा दाबून मदत मागण्याची सोय द्यावी लागते. म्हणजे तुम्ही फेस आयडी बंद करायला जाल आणि ११२ ला फोन लागेल. अँड्रॉइडच्याही बऱ्याच फोनवर पॉवर बटण पाचदा दाबलं की एसओएस सुरू होतं. म्हणून सटासट बटण दाबण्याच्या भानगडीत पडू नका, चिमटच बरी.

दुचाकीवाला_सातारा

ही चिमट मी खऱ्या प्रसंगात वापरली आहे. खंबाटकीच्या अलीकडे एका ढाब्यावर ट्रकवाला आणि कारमधले चौघं यांच्यात आरसा घासल्यावरून जुंपली. मी बाजूला उभा राहून शूट करत होतो. कारवाल्यांपैकी दोघांचं लक्ष माझ्याकडे गेलं. ते येताना दिसले तसा मी फोन जीन्सच्या खिशात सारला आणि हात बाहेर काढायच्या आधी दोन्ही बाजूंनी आवळला. मांडीला थरथर जाणवली.

एकाने फोन मागितला, मी आढेवेढे घेतले, दुसऱ्याने खिशातून काढला आणि थेट माझ्या तोंडासमोर धरला. पासकोड मागितला. "चेहऱ्याने उघडत नाय काय रं?" म्हणून त्याने पुन्हा धरला. पुन्हा आकडेच. मग "कोड सांग" सुरू झालं. तेवढ्यात ढाब्याचा मालक आणि दोन वेटर मध्ये पडले, फोन परत मिळाला.

त्यातून दोन गोष्टी लक्षात आल्या. लॉक असतानाही कॅमेरा उघडतो, त्याने चुकून उघडलाही, पण आधीचे फोटो-व्हिडिओ त्यातून दिसत नाहीत. आणि लॉक स्क्रीनवरून खालचा-वरचा कंट्रोलचा पडदा ओढून फोन एअरप्लेन मोडवर टाकता येतो. तो त्याला सुचला नाही, चोराला सुचतो. लॉक असताना तो पडदा उघडू नये अशी सोय फेस आयडीच्या सेटिंगमध्ये आहे, घरी आल्यावर आधी ती केली.

नाना_डोंबिवली

अहो पण दोघा दांडग्यांसमोर फोन लॉक करून काय मिळवलंत? डोकं फुटलं असतं म्हणजे? फोन पन्नास हजारांचा, माणूस केवढ्याचा? मी असतो तर उघडून व्हिडिओ डिलीट करून दिला असता आणि चहा पिऊन निघालो असतो.

दुचाकीवाला_सातारा

नाना, कोड मागताना त्याचा हात वर गेला असता तर मीही सांगितला असता. फरक एवढाच की सांगायचा की नाही हे मी ठरवलं असतं. चेहरा तर न विचारता वापरला जातो. आणि त्या मधल्या अर्ध्या मिनिटात ढाबेवाला पोचला. फोन पहिल्या झटक्यात उघडला असता तर व्हिडिओ गेलाच असता, वर त्यांनी बायकोचे फोटो चाळले असते.

नाना_डोंबिवली

ते ठीक. पण मला अजून पटलेलं नाही.

श्री_कोल्हापूर

माझं पण फिंगरप्रिंट बंद झालंय, नवीन टेम्पर्ड ग्लास लावल्यापासून. दहा वेळा बोट लावलं की एकदा घेतो. उपाय सांगा.

ओंकार_मोबाइलवाला

श्री, इथे लोक बंद कसं करायचं विचारताहेत आणि तुमचं आपोआप झालंय! काचेसकट ठसा पुन्हा नोंदवा, जुना काढून. तरी नाही झालं तर काच जाड आहे, बदला. वेगळा धागा काढलात तर सविस्तर बोलू.

रानवाटा

एवढ्या बटणांच्या कसरती कशाला? फोन स्विच ऑफ करा. चालू झाल्यावर कुठलाही फोन आधी पिनच मागतो. मी चेकपोस्ट, सीमा, विमानतळ, सगळीकडे हेच करतो.

ओंकार_मोबाइलवाला

रानवाटा, सुरक्षेच्या बाजूने तुमचं उत्तर माझ्या उत्तरापेक्षा सरस आहे. कारण सांगतो.

फोनमधला सगळा डेटा कुलूपबंद असतो आणि त्याची किल्ली तुमच्या पिनमधून तयार होते. फोन चालू केल्यावर पहिल्यांदा पिन टाकेपर्यंत ती किल्ली तयारच झालेली नसते. तोवर फोन अर्धा झोपेत असतो. अलार्म वाजतो, कॉल येतो, पण कॉल करणाऱ्याचं नाव दिसत नाही, नुसता नंबर येतो, कारण कॉन्टॅक्ट्ससुद्धा कुलपात. पहिल्यांदा पिन टाकला की किल्ली मेमरीत येऊन बसते आणि नंतर स्क्रीन लॉक केली तरी बरीचशी तिथेच राहते. लॉकडाउन किंवा आयफोनची चिमट फक्त दारावरचा माणूस बदलते, ठसा आणि चेहऱ्याला आत सोडू नको एवढंच सांगते. किल्ली आतच असते. फोन फोडायची जी यंत्रं तपास यंत्रणा वापरतात, त्यांना असा एकदा उघडून लॉक केलेला फोन तुलनेने सोपा जातो, ताजा चालू केलेला अवघड. म्हणूनच आयफोनमध्ये आयओएस १८.१ पासून तीन दिवस न उघडलेला फोन आपोआप रीस्टार्ट होतो, आणि २०२५ मध्ये गूगलनेही अँड्रॉइडला तशी सोय दिली.

पण दांडगाईच्या वेळी स्विच ऑफ कामाचं नाही. बंद व्हायला काही सेकंद, चालू व्हायला अर्धं-एक मिनिट, आणि तेवढ्यात मदतीला फोन करायचा तर हातात वीट. फोन बंद होताना समोरच्याला दिसतोही. तेव्हा वेळ हाताशी असेल तर बंद करा, माणसं अंगावर येत असतील तर चिमट किंवा लॉकडाउन.

पूनम_परभणी

माझ्या रेडमीत तो लॉकडाउन शब्द शोधून शोधून थकले. नाहीच आहे. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

ओंकार_मोबाइलवाला

पूनमताई, सगळ्या कंपन्या हा पर्याय देत नाहीत. तुमच्यासाठी दोन रस्ते. पहिला, रानवाटांचा: बसमध्ये झोपण्याआधी किंवा अवघड जागी पोचण्याआधी रीस्टार्ट करून ठेवा आणि पिन टाकू नका. दुसरा, प्रवासापुरता चेहरा काढूनच टाका. स्वस्त फोनमधलं फेस अनलॉक नुसत्या पुढच्या कॅमेऱ्यावर चालतं, ते ठशापेक्षा कितीतरी कच्चं. काही फोन झोपलेल्या माणसाच्या मिटल्या डोळ्यांवरही उघडतात. गूगलच्या पिक्सेल ४ सारख्या महागड्या फोनवरही २०१९ मध्ये यावरून बोंबाबोंब झाली होती. सॅमसंगमध्ये डोळे उघडे असल्याशिवाय उघडू नये असा पर्याय आहे. आयफोन मुळातच डोळे त्याच्याकडे आहेत का ते बघतो, ते सेटिंग कुणी बंद केलं नसेल तर.

प्ले स्टोअरवर एका टिचकीत लॉक करणारी ॲप मिळतात, पण ती डिव्हाइस ॲडमिनची परवानगी मागतात. अनोळखी ॲपला ती देऊ नका.

पूनम_परभणी

चेहरा काढला. झोपेत बोट लावण्याचं काय? माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत ट्रेनमध्ये नाही, पण हॉस्टेलवर हे झालंय. रूममेटने झोपेत बोट लावून चॅट वाचले होते.

जुई_ठाणे

बाप रे. म्हणजे स्लीपरमध्ये आडवं होण्याआधी लॉकडाउन लावायलाच हवं. पूनमताई, तुम्ही रीस्टार्टवालं करा.

विरार_फास्ट

सगळ्यांचं ऐकलं, आता माझं ऐका. तुम्ही एका चोराला अडवताय आणि दुसऱ्याला दार उघडताय. सकाळची विरार-चर्चगेट लोकल. लॉकडाउन लावलंत की पुढच्या वेळी पिन टाकावाच लागतो. तुमच्या खांद्यावर तीन माणसांची हनुवटी असते. पिन बघून ठेवायचा आणि दादरला उतरताना फोन मारायचा, ही जुनी पद्धत आहे. पिन मिळाला की त्याला ठसा लागतच नाही. तोच पिन टाकून तो स्वतःचा ठसा नोंदवू शकतो, अकाउंटचा पासवर्ड बदलू शकतो. यूपीआय लाइटमधली छोटी रक्कम तर फोन उघडा असला की पिनशिवायच जाते. गर्दीत ठसाच सुरक्षित.

ओंकार_मोबाइलवाला

विरार_फास्ट, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. ॲपलने नेमक्या याच चोरीसाठी जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ मध्ये `Stolen Device Protection` आणलं. ते चालू असेल तर घर-ऑफिससारख्या नेहमीच्या जागांबाहेर ॲपल अकाउंटचा पासवर्ड बदलायला फेस आयडीच लागतो, नुसता पासकोड चालत नाही, वर एक तास थांबावं लागतं. आयफोनवाल्यांनी ते चालू करावंच.

म्हणजे रोजच्या लोकलमध्ये ठसा ठेवा. लॉकडाउन हा रोजचा कपडा नाही. आणि पिन टाकावाच लागला तर दाराशी गर्दीत टाकू नका, उतरल्यावर भिंतीला पाठ लावून टाका. चार आकडी पिन असेल तर सहा आकडी करा, मागच्या माणसाला सहा आकडे एका नजरेत टिपणं जरा जड जातं.

विरार_फास्ट

उतरल्यावर भिंत मिळते म्हणणारा माणूस दादरला उतरलेला दिसत नाही 😂

ॲड_मंजिरी_नागपूर

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण "पोलीस अंगठा लावायला सांगू शकतात का" हा प्रश्न पुढे येणारच.

संविधानाच्या कलम २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. पण १९६१ मध्ये काथी कालू ओघड प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे अशी साक्ष नव्हे. तेव्हा अर्थातच फोन डोळ्यांपुढे नव्हता, ठसा ओळख पटवायला घ्यायचे. आज तोच ठसा किल्ली झाला आहे आणि जुन्या तर्काने त्याला संरक्षण मिळणं अवघड जातं. पासवर्ड मात्र डोक्यातली माहिती आहे, त्यामुळे तिथे वाद जिवंत आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पासवर्ड देणं ही साक्ष नाही अशी भूमिका घेतली, पण तपासासाठी न्यायालयाचा आदेश आणि रीतसर प्रक्रिया हवी असंही सांगितलं. दिल्लीतल्या विशेष न्यायालयाने २०२२ मध्ये उलट म्हटलं, पासवर्ड सांगायची सक्ती करता येणार नाही. म्हणून माझ्या दृष्टीने पिन आणि ठसा यांत कायद्याच्या नजरेनेही फरक आहे.

रस्त्यात अडवून चॅट चाळणं हा वेगळा विषय. २०२१ मध्ये हैदराबादेत पोलीस दुचाकीस्वारांचे फोन घेऊन त्यात ‘गांजा’ शब्द शोधत असल्याचे व्हिडिओ फिरले होते. असं नुसतं चाळायला आधार काय, हे शांतपणे, नाव आणि ठाणं विचारून, विचारता येतं.

एक इशारा. हे सगळं आधी करायचं. अधिकाऱ्याने रीतसर फोन मागितल्यावर त्याच्यासमोर बटणं दाबू नका, काही डिलीट तर मुळीच करू नका. पुरावा नष्ट केल्याचा आरोप ओढवून घ्याल.

रानवाटा

ताई, मग लॉक करणं हा अडथळा धरला जाईल का? डिलीट करणं वेगळं, लॉक करणं वेगळं.

ॲड_मंजिरी_नागपूर

वेगळंच आहे आणि युक्तिवादात मी तसंच म्हणेन. पण तो युक्तिवाद करायची वेळ येते तेव्हा तुम्ही ठाण्यात बसलेले असता.

मेधा_एडिसन

जुई, न्यू जर्सीतूनच लिहितेय. माझे सासू-सासरे नेवार्कला दोनदा उतरलेत, त्यामुळे घाबरू नकोस. २०२४ च्या आर्थिक वर्षात इथल्या सीमा अधिकाऱ्यांनी सुमारे ४७ हजार लोकांची उपकरणं तपासली, आणि येणाऱ्यांची संख्या चाळीस कोटींच्या घरात आहे. म्हणजे आई-बाबांवर वेळ येण्याची शक्यता फारच कमी.

पण आली तर कुलूप कामाला येत नाही. देशाच्या आत पोलिसांनी जबरदस्तीने अंगठा लावायला सांगावं का, यावर इथली न्यायालयंही एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पश्चिमेकडच्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०२४ मध्ये एका खटल्यात चालेल म्हटलं, वॉशिंग्टन डीसीच्या अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये नाही म्हटलं. सीमेवर नियमच वेगळे, तिथे साध्या तपासणीला वॉरंट लागत नाही. नागरिकाने पासकोड दिला नाही तर फोन ठेवून घेतील, पण त्याला आत सोडावंच लागतं. व्हिजिटर व्हिसावरच्या माणसाने नाही म्हटलं तर विमानात बसवून परत पाठवू शकतात. बाबांना "पासकोड देऊ नका" असं शिकवून पाठवू नकोस, आणि अधिकाऱ्याला खोटं तर काहीच सांगायचं नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. परतीचं तिकीट, मुलाचा पत्ता आणि फोन नंबर, औषधांची चिठ्ठी, विम्याचा कागद, सगळं छापून एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. त्यामुळे खिडकीवर फोन बाहेर काढायची गरजच पडली नाही. विमान थांबल्यावर मुलाला "उतरलो" असा मेसेज केला आणि रांगेत जाण्याआधी दोघांनी फोन स्विच ऑफ केले. रांगेच्या हॉलमध्ये फोन वापरायची तशीही मनाई असते.

आणि फोनमध्ये जे नाहीच ते कुणी बघू शकत नाही. नियमाप्रमाणे अधिकाऱ्यांनी नेटवर्क बंद करून फोनमध्ये जे साठवलेलं आहे तेवढंच बघायचं असतं. सासऱ्यांच्या व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या ग्रुपातले राजकीय फॉरवर्ड ढिगाने होते. फोनवर ते ग्रुप रिकामे केले, जागाही झाली.

लंडनकर_सुहास

इंग्लंडमधून जाणाऱ्यांसाठी भर घालतो. इथे दहशतवादविरोधी कायद्याच्या सातव्या परिशिष्टाखाली विमानतळावर थांबवलं तर संशयाचं कारण न देता सहा तासांपर्यंत ठेवता येतं, आणि पासवर्ड नाकारणं हाच गुन्हा होतो, तीन महिन्यांपर्यंत कैद. २०१७ मध्ये एका संघटनेच्या प्रमुखाला याच कारणावरून दोषी ठरवलं गेलं. तेव्हा "पिन माझ्या डोक्यात, मी सांगणार नाही" हे इथे चालत नाही. नुसतं हीथ्रोवरून विमान बदलणाऱ्यालाही हे लागू होऊ शकतं.

जुई_ठाणे

मेधाताई, फोल्डरची कल्पना झकास, आईला लगेच पटली. सुहासदादा, त्यांचं विमान मुंबईहून थेट आहे, सुटलो.

मी आत्ता सॅमसंगवर सगळं करून पाहिलं. पहिल्या वेळी स्क्रीनशॉटच निघाला, ओंकारदादा म्हणाले तसाच. मग नीट दाबून धरलं, मेनू आला, लॉकडाउनवर टेकवलं. ठसा ठेवायचं गोल चिन्ह गायब, बोट कितीही दाबलं तरी ढिम्म, फक्त पिन. मात्र पिन टाकून एकदा उघडला आणि पुन्हा लॉक केला, तर ठसा लगेच चालू झाला. हे असंच असतं का?

ओंकार_मोबाइलवाला

असंच असतं, आणि आयफोनवरही तसंच. एका वेळेपुरतं आहे. ढाब्यावर लावलंस, बसमध्ये बसल्यावर पिन टाकून मेसेज बघितलास, की ठसा जिवंत. झोपायच्या आधी पुन्हा लाव.

सिंगल_चहा

आम्ही चौघांनी ऑफिसात आयफोनवर चिमटीची प्रॅक्टिस केली. तिघांना जमली. चौथ्याने दाबून धरलं ते सोडलंच नाही, भोंगा वाजला, तो घाबरून सोडला आणि ११२ लागला. त्याने पटकन कट केला. आता पोलीस येतील का?

ॲड_मंजिरी_नागपूर

कट करू नये. चुकून लागला तर लाइनवर थांबून "चुकून लागला, मी सुखरूप आहे" असं सांगायचं. नुसता कट केला की कुणी संकटात आहे असं समजून ते उलट फोन करतात. त्याला सांगा, आला तर उचल.

ओंकार_मोबाइलवाला

आणि त्याने फोनमध्ये इमर्जन्सी कॉन्टॅक्ट भरले असतील तर त्यांनाही लोकेशनसकट मेसेज जातो. कॉल संपल्यावर रद्द करायला थोडा वेळ मिळतो, तो गेला असेल तर घरी आधी फोन कर म्हणावं.

सिंगल_चहा

गेलाय. बायको रिक्षात बसलीय, ऑफिसकडे निघालीय.